एक टक्का कशाचा? एआय डिटेक्टर विकत घेण्याआधीचे प्रश्न

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन कंपनीचा एआय डिटेक्टर बंद केला आणि तसं करण्याची कारणं जाहीर केली. त्यातला मुख्य हिशेब दोन ओळींत मांडता येतो. २०२२ मध्ये या विद्यापीठातून टर्निटिनकडे ७५,००० लेख तपासणीसाठी गेले होते. माणसाने लिहिलेला लेख एआयचा ठरण्याची चूक एक टक्का होते, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते जसंच्या तसं खरं मानलं तरी त्या एका वर्षात सुमारे ७५० लेखांवर खोटा आळ आला असता. विद्यापीठाची आणखीही एक तक्रार होती. एप्रिल २०२३ मध्ये ही सोय सुरू झाली ती जेमतेम एक दिवसाच्या सूचनेवर, आणि ती बंद ठेवण्याचा पर्याय तेव्हा दिलेला नव्हता. मजकूर एआयचा आहे हे यंत्र नेमकं कशावरून ठरवतं, याचंही समाधानकारक उत्तर मिळालं नव्हतं.

हे सगळे प्रश्न पैसे देण्याआधी विचारता येण्यासारखे होते. आपल्याकडची विद्यापीठं आज त्याच उंबरठ्यावर आहेत. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आले. पुढच्या वर्षी इन्फ्लिबनेटने ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना चौर्य तपासणारं सॉफ्टवेअर पुरवायला सुरुवात केली. त्यामुळे अशा सॉफ्टवेअरच्या खरेदीची एक चाकोरी तयार आहे: वापरकर्ते किती, लॉगिन कसं, प्रशिक्षण कोण देणार, वार्षिक देखभालीचा दर काय. एआय डिटेक्टर त्याच चाकोरीतून, बहुतेक वेळा जुन्या सॉफ्टवेअरची पुरवणी म्हणून, खरेदी समितीपुढे येतो. माझ्या मते इथेच घोटाळा होतो. दोन्ही अहवाल टक्केवारीतच बोलत असले, तरी त्या दोन टक्केवाऱ्यांची जात वेगळी आहे.

चौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने ३२ टक्के साम्य दाखवलं, तर त्या प्रत्येक ओळीपुढे मूळ स्रोत दिलेला असतो. मार्गदर्शक तो उघडून पाहतो. हे अवतरण आहे, ही संदर्भसूची आहे, हे विद्यार्थ्याच्याच आधीच्या लेखातलं आहे, असं म्हणून रास्त साम्य बाजूला काढतो. उरलेल्यावर विद्यार्थ्याला जाब विचारता येतो आणि विद्यार्थ्याला उत्तरही देता येतं. एआय डिटेक्टरच्या ३२ टक्क्यांमागे असा कुठलाही स्रोत नसतो. टर्निटिनच्या पद्धतीत मजकुराचे काही वाक्यांचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक वाक्याला शून्य ते एक यांच्यामधला गुण दिला जातो आणि त्यावरून किती मजकूर एआयचा वाटतो हे काढलं जातं. म्हणजे ३२ टक्के याचा अर्थ ‘लबाडीची शक्यता ३२ टक्के’ असा होत नाही. एवढ्या मजकुराची धाटणी यंत्राला आपल्या ओळखीची वाटली, इतकंच त्यातून कळतं. आयोगाच्या नियमांत १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत आणि ६० च्या वर साम्य गेलं तर संशोधकाची नोंदणी रद्द होऊ शकते. त्या पायऱ्या साम्यासाठी आखलेल्या आहेत. एआयची टक्केवारी कुणी त्याच तक्त्यात भरली, तर ज्या गोष्टीचा पुरावाच दाखवता येत नाही तिच्यासाठी शिक्षा होईल. म्हणून समितीने विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा: तुमच्या अहवालातला आकडा नेमकं काय मोजतो, आणि विद्यार्थ्याने तो नाकारला तर आम्ही त्याच्यापुढे काय ठेवायचं?

दुसरा प्रश्न त्या प्रसिद्ध एक टक्क्याचा. एक टक्का कशाचा, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यायला हवं. टर्निटिनचा दावा वाचला तर त्यातल्या अटी दिसतात. २० टक्क्यांहून जास्त मजकूर एआयचा दाखवला गेला असेल अशाच संपूर्ण लेखांपुरता तो दावा होता, आणि तो चॅटजीपीटी येण्याआधीच्या आठ लाख शैक्षणिक लेखांवर तपासलेला होता. साधन सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच कंपनीने सांगितलं की एकेक वाक्य धरलं तर चुकीचं प्रमाण सुमारे चार टक्के आहे. पुढे किमान शब्दसंख्या १५० वरून ३०० केली गेली आणि २० टक्क्यांच्या खालचा आकडा दाखवणंही बंद झालं. त्या जागी आता नुसतं तारांकन येतं. कंपनीने हे उघडपणे केलं ही चांगली गोष्ट आहे. पण समितीने त्यातून घ्यायचा तो बोध असा की माहितीपत्रकावरचा आकडा कुठल्या तरी विशिष्ट लांबीच्या, विशिष्ट भाषेतल्या, विशिष्ट उंबरठ्यावरच्या मजकुराचा असतो. आपल्याकडे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अडीचशे शब्दांचा स्वाध्याय असेल, तर त्या आकड्याचा आपल्याशी संबंधच उरत नाही.

आता तो आकडा आपल्या विद्यापीठावर लावून पाहू. समजा, वर्षाला ४०,००० इंग्रजी स्वाध्याय आणि प्रबंधिका तपासणीला जातात. त्यातल्या १० टक्के, म्हणजे ४,००० खरोखर एआयकडून लिहून घेतलेल्या आहेत आणि ३६,००० विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या आहेत. डिटेक्टर एआयचा मजकूर १०० पैकी ८५ वेळा पकडतो असं धरू. टर्निटिननेही खोटे आळ कमी ठेवण्यासाठी सुमारे १५ टक्के मजकूर निसटू देतो, असं म्हटलं होतं. म्हणजे ३,४०० खरे सापडतील आणि एक टक्क्याने ३६० निर्दोष त्यांच्याबरोबर येतील. एकूण ३,७६० जणांना नोटीस, त्यातला जवळपास दहावा निर्दोष.

आता फक्त एक आकडा बदला. गैरवापर १० ऐवजी ३ टक्केच असेल, तर १,०२० खरे सापडतील आणि ३८८ निर्दोष. म्हणजे नोटीस मिळालेल्या चारांतल्या एकाहून जास्त जणांनी काहीच केलेलं नसेल. यंत्र तेच, त्याची अचूकता तीच, फक्त वर्ग प्रामाणिक निघाला. जिथे लबाडी कमी तिथे आळ खोटा असण्याची शक्यता जास्त, ही गोष्ट समितीतल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला लगेच कळेल, पण निविदेच्या टिपणीत ती कधी येत नाही. म्हणून विक्रेत्याला ‘तुमची अचूकता किती’ असं न विचारता ‘आमच्या संख्येवर वर्षाला किती निर्दोष विद्यार्थी सापडतील, ते गणित करून द्या’ असं सांगावं. जो विक्रेता हे गणित मांडून देतो आणि त्याखाली सही करतो, त्याच्याशी पुढचं बोलता येतं.

या हिशेबात एक गोष्ट मी सोपी करून मांडली आहे. चुका सगळ्यांमध्ये सारख्या वाटल्या जातात असं मी धरलं, आणि प्रत्यक्षात तसं होत नाही. ज्या विद्यार्थ्याचं इंग्रजी साधं, ठरावीक शब्दसंपत्तीचं आणि सरळ वाक्यांचं आहे, त्याचा मजकूर यंत्राला अंदाज करायला सोपा वाटतो, आणि अनेक डिटेक्टर हाच सोपेपणा एआयची खूण मानतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले. टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध त्यांनी घेतले, आणि तुलनेसाठी अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध घेतले. मुलांच्या निबंधांत डिटेक्टर क्वचितच चुकले. टोफेलच्या निबंधांत मात्र सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. ९१ पैकी ८९ निबंधांवर सातांपैकी किमान एका डिटेक्टरने बोट ठेवलं. हे सात डिटेक्टर त्या वेळचे होते आणि टर्निटिन त्यात नव्हता. तेव्हा ६१ हा आकडा आजच्या प्रत्येक साधनाला लावता येणार नाही. तरी प्रश्न उरतोच: तुमच्या चाचणीतले लेखक कोण होते?

मराठवाड्यातला किंवा कोकणातला, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. तो आधी मराठीत विचार करतो, कधी मराठीत कच्चं टिपण लिहितो, गूगल ट्रान्सलेटमधून इंग्रजी करतो आणि मग व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दुरुस्त करतो. विचार त्याचे, मांडणी त्याची. अशा मजकुराला डिटेक्टर काय म्हणतो? युरोपातल्या एका संशोधक गटाने २०२३ मध्ये १४ साधनं तपासली, तेव्हा दुसऱ्या भाषेत माणसाने लिहून यंत्राने इंग्रजीत आणलेले लेख त्यांनी मुद्दाम वेगळे ठेवले होते. एकाही साधनाची एकूण अचूकता ८० टक्क्यांवर गेली नाही, आणि भाषांतरित लेखांवर खोटा आळ येण्याचं प्रमाण वाढलं. आपल्या वर्गांत असा मजकूर अपवाद नाही. म्हणून भाषांतर आणि व्याकरणदुरुस्ती यांचा वापर आमच्या विद्यापीठात वैध आहे, तुमचं साधन तो एआय-लेखनापासून वेगळा ओळखू शकतं का, हे विचारायलाच हवं. आणि मराठीतून लिहिलेल्या प्रबंधांचं काय? टर्निटिनच्या एआय तपासणीत २०२५ पर्यंत इंग्रजी, स्पॅनिश आणि जपानी एवढ्याच भाषा आल्या होत्या. कुणी प्रतिनिधी ‘मराठीही चालतं’ म्हणाला, तर मराठीवर केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा. तो नसेल, तर मराठी विभाग लायसन्सच्या विद्यार्थीसंख्येतून वगळून दर कमी करून घ्यावा.

खोट्या आळांचा आणखी एक गुण लक्षात घ्यायला हवा. ते परत परत त्याच विद्यार्थ्यांवर येतात. चुका जर योगायोगाने होत असत्या, तर पदवीच्या तीन वर्षांत ३० स्वाध्याय देणाऱ्या विद्यार्थ्यावर एकदा तरी आळ येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. पण लिहिण्याची धाटणी स्वाध्यायागणिक बदलत नाही. ज्याच्यावर एकदा आळ आला, त्याच्यावर पुढच्या सत्रातही येण्याचा संभव जास्त, आणि तेव्हा ‘हा तर सराईत आहे’ असं शिक्षक म्हणू लागतात. दुसऱ्यांदा आलेला अहवाल पहिल्याला दुजोरा देतो असं मानू नये, हे विद्यापीठाच्या कार्यपद्धतीतच लिहायला हवं.

माहितीपत्रकं आणि बाहेरची संशोधनं यांपेक्षा एक साधी चाचणी जास्त सांगेल. ती समितीने स्वतः करावी आणि तांत्रिक लिफाफ्याच्या मूल्यमापनाचा भाग करावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. त्याआधीच्या स्वाध्यायांच्या संगणकीय प्रती काही विभागांकडे, मूडलसारख्या प्रणालीत, अजून पडून असतात. त्यातून नावं काढून ३०० मजकूर निवडावेत: निम्मे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचे, काही विज्ञान-वाणिज्याचे, काही कमी गुणांचे. शोधगंगेवरचे प्रबंध मात्र घेऊ नयेत. ते जगाला खुले आहेत, त्यामुळे यंत्राला शिकवताना ‘माणसाचं लेखन’ म्हणून तेच वापरले गेलेले असू शकतात. शिकवलेल्याच धड्यावर परीक्षा घेतली, तर गुण चांगलेच पडणार. या ३०० मजकुरांतला एकही एआयचा नाही हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे डिटेक्टर जेवढे पकडेल तेवढे सगळे खोटे.

निकाल वाचतानाही सावध राहावं. ३०० पैकी एकही सापडला नाही, तर खरं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं, त्याहून जास्त काही नाही. तीन सापडले, तर प्रमाण एक टक्का दिसतं, पण खरं प्रमाण तीन टक्क्यांपर्यंतही असू शकतं. ३० मजकुरांवर प्रतिनिधीने डेमो दिला आणि एकही चूक झाली नाही, तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही, कारण दहा टक्के चुकणारं यंत्रसुद्धा ३० मजकुरांच्या डेमोत कधीकधी निभावून जातं.

मग दुसरी बाजू तपासावी. शिक्षकांनी त्याच विषयांवर दोन-तीन वेगवेगळ्या एआय साधनांकडून मजकूर लिहून घ्यावा. त्यातला एक भाग जसाच्या तसा द्यावा, दुसरा हाताने दुरुस्त करून, तिसरा वाक्यं फिरवून लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून. या तिसऱ्या ढिगावर बहुतेक डिटेक्टर कोसळतात. २०२३ मधल्या एका प्रयोगात मजकूर फिरवून लिहिल्यावर ‘डिटेक्टजीपीटी’ या पद्धतीचं पकडण्याचं प्रमाण ७० टक्क्यांवरून पाचाच्या खाली आलं होतं. तिथे खोट्या आळांचं प्रमाण एक टक्क्यावर कायम ठेवून मोजणी केली होती, आणि तुलना करायची हीच रास्त रीत आहे. दोन विक्रेत्यांपैकी एक ९५ टक्के पकडतो आणि दुसरा ७०, एवढ्यावर निवड करू नये. आधी दोघांचा उंबरठा असा लावून घ्यावा की खोटे आळ दोघांचेही एक टक्काच राहतील, मग कोण किती पकडतो ते पाहावं. काही साधनांत उंबरठा हलवताच येत नाही. तसं असेल तर तेही टिपणीत यायला हवं. जो विद्यार्थी पैसे देऊन मजकूर फिरवून घेतो तो सुटतो, आणि साधं इंग्रजी लिहिणारा सापडतो, असं चाचणीत दिसलं तर खरेदी तिथेच थांबवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाचणीसाठी फाइली पाठवण्याआधीच एक गोष्ट लेखी ठरवावी: या फाइली विक्रेत्याच्या साठ्यात राहणार नाहीत आणि यंत्राला शिकवायला वापरल्या जाणार नाहीत. हीच अट पुढे करारात कायम हवी. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून विद्यार्थ्याचं लेखन, नाव आणि त्याच्यावरचा संशय कुठल्या देशातल्या सर्व्हरवर किती वर्षं राहतो, याची जबाबदारी विद्यापीठाला झटकता येणार नाही.

विक्रेते स्वतःच आकडे फुगवतात का? तसं घडलेलं आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये वर्काडो या कंपनीवर कारवाई केली. तिचा डिटेक्टर ९८ टक्के अचूक असल्याची जाहिरात होती, आणि सर्वसाधारण मजकुरावर स्वतंत्र चाचणीत तो ५३ टक्केच निघाला. कमिशनच्या म्हणण्यानुसार यंत्राला शैक्षणिक मजकुरावरच शिकवलं होतं आणि विकताना मात्र सगळ्या प्रकारच्या लेखनासाठी म्हणून विकलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतला. तो एआयचा मजकूर २६ टक्केच पकडायचा, आणि माणसाचा मजकूर ९ टक्के वेळा एआयचा ठरवायचा. कंपनीने हे आकडे पहिल्याच दिवशी सांगितले होते. विक्रेत्याकडून अशाच आकड्यांची अपेक्षा ठेवावी.

यानंतर प्रश्न येतो तो आवृत्त्यांचा. एआयची साधनं दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून डिटेक्टरही बदलावा लागतो. मग जूनमध्ये तपासून घेतलेलं यंत्र आणि मार्चमध्ये प्रबंधिकांवर चालणारं यंत्र एकच असेल का? प्रत्येक अहवालावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापली जाईल का? नवी आवृत्ती आली की आम्हाला आधी कळेल का, आणि आमचे तेच ३०० मजकूर पुन्हा चालवून पाहेपर्यंत ती लागू करणं थांबवता येईल का? एकाच मजकुराचा अहवाल ऑगस्टमध्ये ४० टक्के आणि डिसेंबरमध्ये १२ टक्के आला, तर शिस्तपालन समिती कोणता ग्राह्य धरणार, याचं उत्तर करारात नसेल तर ते न्यायालयात द्यावं लागेल.

न्यायालयाचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. हरियाणातल्या जिंदल विद्यापीठात कायद्याच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका ८८ टक्के एआयची असल्याचं सांगून त्याला नापास केलं गेलं. तो २०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने विद्यापीठाला नोटीस काढली, विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचं कळवलं आणि याचिका निकाली निघाली. अशा प्रसंगी विक्रेता काय करील, हे आधीच विचारावं. तो आपल्या अहवालाच्या समर्थनार्थ तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र देईल का? बहुतेक करारांत अहवाल केवळ सूचक आहे, निर्णय संस्थेचा, असं कलम असतं. तसं असेल तर ते वाक्य मराठीत अहवालाच्या पहिल्या पानावर, विद्यार्थ्यालाही दिसेल असं छापून मागावं. टर्निटिनमध्ये एआयचा अहवाल विद्यार्थ्याला आपोआप दिसत नाही, शिक्षकाने दाखवला तरच दिसतो. ज्याच्यावर आळ आहे त्यालाच तो न दाखवणारी पद्धत मी कुठल्याही दराला स्वीकारणार नाही.

दराचंही बोलायला हवं. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसनी मिळून २०२५ मध्ये टर्निटिनला ११ लाख डॉलरच्या वर दिले आणि त्यातले सुमारे १,६३,००० डॉलर एआय तपासणीच्या पुरवणीचे होते, असं तिथल्या पत्रकारांनी उघड केलं. पण लायसन्सची रक्कम हा खर्चाचा एकच भाग आहे. आपल्या आधीच्या हिशेबातल्या ३,७६० नोटिशींपैकी प्रत्येकीला शिक्षकाचे दोन तास लागले, विद्यार्थ्याला बोलावणं, कच्ची टिपणं पाहणं, तोंडी प्रश्न विचारणं एवढं धरलं, तर साडेसात हजार तास होतात. ऑस्ट्रेलियन कॅथलिक विद्यापीठात २०२४ मध्ये गैरवर्तनाच्या जवळपास ६,००० तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यातल्या बहुसंख्य एआयच्या होत्या आणि सुमारे चौथा हिस्सा फेटाळला गेला. मार्च २०२५ मध्ये त्यांनी ते साधन वापरणं सोडलं.

म्हणून सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याची नेहमीची रीत इथे लावू नये. तांत्रिक लिफाफ्यात आपल्या ३०० मजकुरांवरचा निकाल हीच पात्रतेची अट ठेवावी आणि त्यात नापास झालेल्याचा आर्थिक लिफाफा उघडूच नये. करार तीन वर्षांचा करण्याऐवजी एका वर्षाचा असावा. साधन विद्यापीठाने सुरू केल्याशिवाय सुरू होणार नाही, विभागवार बंद करता येईल, आणि मध्येच बंद केलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील, ही तीन कलमं त्यात हवीत. चौथं कलम असं की विद्यापीठ आपल्या चाचणीचे आकडे जाहीर करू शकेल आणि विक्रेता त्याला हरकत घेणार नाही. काही कंपन्या नेमकं इथेच अडतात. त्या अडल्या तर वाटाघाटीत बाकीची तिन्ही कलमं मान्य झाली असली तरी सही करू नये, कारण शेजारच्या विद्यापीठाच्या समितीला मग तेच माहितीपत्रक हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.